स्थळासाठी तीस सेकंदांचा परिचय: काय बोलायचं, काय गाळायचं आणि कसं रेकॉर्ड करायचं

वधू-वर मंडळांकडे आणि विवाहाच्या संकेतस्थळांवर आता फोटो आणि बायोडाटाच्या जोडीला छोटा परिचय व्हिडिओ किंवा आवाजाची क्लिप मागितली जाते. मंडळाच्या कामात अशा क्लिप सतत कानावर पडतात. त्यांतल्या बहुतेक जणांनी बायोडाटाच मोठ्यानं वाचलेला असतो. नाव, वय, उंची, शिक्षण, 'वडील शेतकरी असून आई गृहिणी', शेवटी 'मला समजूतदार जोडीदार हवा आहे, धन्यवाद'. हे सगळं समोरच्यानं कागदावर आधीच वाचलेलं असतं. म्हणून तयारीला बसताना पहिला नियम असा ठेवा, की जे बायोडाटात आहे ते क्लिपमध्ये येणार नाही. उंची, रास, गोत्र, पगार, भावंडांची लग्नं हे सगळं कागदावरच राहू द्या. नाव आणि गाव तेवढं दोन्हीकडे चालेल, कारण त्याशिवाय बोलायला सुरुवात करता येत नाही.

मग उरतं काय? बायोडाटातून कळत नाहीत अशा तीन गोष्टी उरतात. तुम्ही बोलता कसे, तुमचा आठवडा जातो कसा, आणि लग्नानंतरच्या आयुष्याबद्दल तुमचं कोणतं एक ठरलेलं मत आहे. तीस सेकंदांत एवढंच मावतं. जास्त कोंबायला गेलात तर ऐकणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही.

आवाज की व्हिडिओ?

स्थळ गावातलं किंवा जवळपासचं असेल, फोटो चांगले असतील आणि पुढच्या पंधरवड्यात भेट होऊ शकत असेल, तर आवाजाची क्लिप पुरते. माझा कल तिकडेच आहे. कॅमेऱ्यासमोर अवघडणारी माणसं नुसत्या आवाजात बरीच मोकळी होतात. शिवाय चेहऱ्याचा व्हिडिओ कुठं कुठं फिरेल याची धास्तीही राहत नाही. समोरचं स्थळ परदेशात असेल आणि भेट दोन-तीन महिन्यांनी, सुट्टीत आल्यावरच होणार असेल, तर व्हिडिओ करावा. एवढे दिवस फक्त फोटोवर काढले की दोन्हीकडे मनात भलतीच चित्रं तयार होतात.

पहिल्यांदा ऐकतं कोण, हेही ध्यानात घ्या. बऱ्याचदा मुला-मुलीच्या आधी आई, मावशी किंवा आत्या क्लिप ऐकते, तीही कामाच्या गडबडीत, फोनच्या छोट्या स्पीकरवर. मुलगा किंवा मुलगी ती बसमध्ये पाहते, कधी आवाज बंद ठेवून. दोघांनाही कळावं असं बोलायचं असेल तर वाक्यं छोटी ठेवा आणि घरात बोलता तसंच बोला. 'कार्यरत आहे', 'वास्तव्यास आहे', 'कुटुंबवत्सल' हे शब्द तुम्ही जेवताना वापरत नसाल तर क्लिपमध्येही वापरू नका.

मजकूर: आधी कागदावर, घड्याळ लावून

सावकाश आणि स्पष्ट बोलताना मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे तीस सेकंदांना साठ. पण श्वास घ्यायला, वाक्यांमध्ये थांबायला आणि सुरुवात-शेवटाला थोडी जागा लागते, म्हणून मजकूर ५० ते ५५ शब्दांचा लिहा. कित्येक संकेतस्थळांवर वेळेची मर्यादा कडक असते, तिसावा सेकंद झाला की क्लिप तुटते. तुटतं ते नेमकं शेवटचं वाक्य, म्हणून २७-२८ सेकंदांचं लक्ष्य ठेवलेलं बरं.

एक उदाहरण घेऊ. समजा स्नेहल नावाची एकोणतीस वर्षांची मुलगी आहे. माहेर सांगली जिल्ह्यातल्या तासगावचं, घरची द्राक्षबाग, सहा वर्षं पुण्यात नोकरी. तिचा पहिला मसुदा असा:

"नमस्कार, माझं नाव स्नेहल. माझं वय एकोणतीस, उंची पाच फूट तीन इंच. माझं शिक्षण बी.ई. कॉम्प्युटर झालं असून मी सध्या पुण्यात एका नामांकित कंपनीत कार्यरत आहे. माझे वडील शेतकरी असून आई गृहिणी आहे. मला वाचन, प्रवास आणि संगीताची आवड आहे. मी घर आणि करिअर यांचा समतोल राखणारी, मनमिळाऊ स्वभावाची मुलगी आहे. मला समजूतदार आणि कुटुंबवत्सल जोडीदार हवा आहे. धन्यवाद."

हे ५९ शब्द झाले. यात खोटं काही नाही, पण ऐकून झाल्यावर स्नेहल आठवत नाही, कारण हेच शब्द आणखी शंभर जणींच्या तोंडी बसतील. आता यावर पेन्सिल चालवू. वय, उंची, शिक्षण, आई-वडिलांचा व्यवसाय बायोडाटात आहेत, ते गेले. 'वाचन, प्रवास, संगीत' खोडून टाका. ही आवड प्रत्येकाला असते आणि त्यावर पुढं काय विचारावं हे कुणाला सुचत नाही. 'मनमिळाऊ' हे आपणच आपल्याला दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. ते कुणी मानत नाही, ऐकणारा स्वभाव आवाजावरून ठरवतो. उरलं नाव, पुणे आणि 'जोडीदार हवा आहे'.

ही रिकामी झालेली जागा भरण्यासाठी स्नेहलनं स्वतःला साधे प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षभरात मी कशासाठी सुट्टी काढली? सुट्टीच्या सकाळी मी कुठं असते? लग्नानंतर कोणती एक गोष्ट मी सोडणार नाही? पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तिला चटकन मिळतं. द्राक्षाच्या बागेत वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. फळछाटणीला ती घरी जाते. 'वडील शेतकरी' या दोन शब्दांत जे नव्हतं ते या एका गोष्टीत आहे. घराशी नातं कसं आहे, ही मुलगी शेतीकडे कशी पाहते, लग्नानंतर माहेरी येणं-जाणं कसं राहील, हे सगळं न सांगता कळतं. दुसरा मसुदा असा होतो:

"नमस्कार, मी स्नेहल. मूळची तासगावची, सहा वर्षांपासून पुण्यात. आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीला मी दरवर्षी चार दिवस सुट्टी काढून घरी जाते. लग्नानंतरही जाईन. एरवी, शनिवारी सकाळी शेजारच्या आजींबरोबर टेकडी चढते आणि त्याच आधी वर पोचतात. नोकरी चालू ठेवणार आहे. घरातलं काम वाटून घेणारा जोडीदार हवा. तुमचा शनिवार कसा जातो, ते ऐकायला आवडेल."

हे ५३ शब्द. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटतं. 'धन्यवाद' म्हटलं की समोरच्याला गप्प बसायला मोकळीक मिळते. प्रश्न विचारला की पहिला निरोप काय पाठवायचा हे त्याला शोधावं लागत नाही. प्रश्न मात्र हलका हवा, एका वाक्यात उत्तर देता येईल असा. 'तुमच्या जोडीदाराकडून अपेक्षा काय?' हा प्रश्न कांदेपोह्यांच्या वेळी हमखास येतोच, तो इथं नको.

'नोकरी चालू ठेवणार आहे' या वाक्याकडेही बघा. अट सांगण्याचे दोन मार्ग आहेत. 'नोकरी करू देणारं सासर हवं' यात परवानगी मागितली जाते. 'नोकरी चालू ठेवणार आहे' यात स्वतःचा बेत सांगितला जातो आणि ज्यांना चालणार नाही ते आपोआप बाजूला होतात. मुलांनाही हेच लागू. आई-वडील सोबत राहणार असतील तर 'आई-वडील माझ्याकडेच राहतात आणि पुढंही राहतील' असं सरळ सांगावं. 'घर सांभाळणारी हवी' या आडवळणानं ते सांगू नये. अशा अटी एक-दोनच घ्या, ज्या न जुळल्यास भेटण्यात अर्थ नाही त्या. अटींची यादी झाली की क्लिप करारनाम्यासारखी वाटू लागते.

पहिल्या लग्नातून मूल असेल तर मी ते क्लिपमध्ये सांगायच्या बाजूचा आहे. ते कागदावर असतंच, पण तुमचा आठवडा त्याच्याभोवती फिरतो आणि तुम्ही त्याच्याबद्दल कसं बोलता हे समोरच्याला ऐकू येणं गरजेचं आहे. 'माझा सात वर्षांचा मुलगा माझ्याजवळ असतो, त्याला झोपवल्यावर माझा दिवस सुरू होतो' एवढं पुरे. मुलाचं नाव, शाळा आणि चेहरा यांतलं काहीही क्लिपमध्ये येता कामा नये. घटस्फोटाची कारणं, आजारपण आणि कर्ज हे विषय तीस सेकंदांचे नाहीत. ते लपवायचे नाहीत, पहिल्या-दुसऱ्या फोनवर बोलायचे.

भाषेबद्दल थोडं. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मुलांच्या क्लिपमध्ये कधी कधी आईनं लिहून दिलेलं, पाठ केलेलं अस्खलित मराठी ऐकू येतं आणि पहिल्याच फोनवर ते उघडं पडतं. अडखळत का होईना, स्वतःचं मराठी बोला आणि जिथं शब्द अडेल तिथं इंग्रजी येऊ द्या. समोरच्याला खरं जाणून घ्यायचं असतं ते तुम्ही तिच्या आजीशी बोलू शकाल की नाही. तसंच वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी हेल घासून काढू नका. तो तुमच्या गावाचा पत्ता आहे आणि पुष्कळांना आपलासा वाटतो.

पत्ता द्यायचा नाही, हे तपासा

पहिल्या मसुद्यानंतर हा एक फेरा वेगळा करा, कारण क्लिप एकदा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात गेली की ती कुणाच्या हातात आहे हे तुम्हाला कळत नाही. स्नेहलच्या मजकुरात टेकडीचं नाव नाही, ते मुद्दाम. तिथं 'पर्वती' असतं तर ऐकायला छान लागलं असतं, पण दर शनिवारी सकाळी अमुक मुलगी तमुक ठिकाणी सापडते ही माहिती अनोळखी माणसांना द्यायची नसते. याच कारणानं आडनाव, कंपनीचं नाव आणि राहण्याचा भाग ही तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. फोन नंबर तर बोलूच नका, तो मंडळामार्फत जाऊ दे. व्हिडिओत मागं घराची पाटी, गाडीचा नंबर, गळ्यातलं ओळखपत्र, खिडकीतून दिसणारी इमारत किंवा भिंतीवर नाव छापलेलं प्रमाणपत्र येत नाही ना, हे थांबवून थांबवून बघा. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करून मगच चित्रीकरण करा. फाइल जशीच्या तशी पाठवली तर ती नोंद सोबत जाऊ शकते.

आवाज रेकॉर्ड करताना

खोली निवडा. फरशी, उघड्या भिंती आणि मोकळी जागा असली की आवाज घुमतो. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली त्यासाठी उत्तम. पंखा बंद करा. कानाला सवय झालेली असते म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही, फोनला मात्र स्वच्छ येतो. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी आणि दुपारची शाळा सुटण्याची वेळ टाळा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर सगळ्यात चांगल्या प्रयत्नाच्या मधोमध कुणाचा तरी फोन येतो.

फोन तोंडापासून साधारण वीतभर लांब धरा आणि तोंडासमोर नको, थोडा बाजूला. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तो माइकवर सरळ आदळला की धप् असा आवाज येतो, 'पुण्यात' आणि 'फळ' नेमके खराब होतात. आधी पाच सेकंद बोलून ऐका. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटला तर फोन लांब आहे, कर्कश किंवा फाटका वाटला तर फार जवळ.

व्हॉट्सअ‍ॅपवरच धरून बोलण्यापेक्षा फोनमधल्या व्हॉइस रेकॉर्डरवर रेकॉर्ड करा. तिथं पुढचा-मागचा भाग कापता येतो आणि चुकून अर्धी क्लिप रवाना होत नाही. सुरू केल्यावर दोन सेकंद गप्प राहा, बोला, पुन्हा दोन सेकंद गप्प राहा, मग ही दोन्ही टोकं कापा. बटणाचा टकटक आवाज त्यात जातो.

कागद बघून वाचू नका. वाचण्याचा सूर लगेच ओळखू येतो, प्रत्येक वाक्य एकाच उंचीवर सुरू होऊन एकाच खोलीवर संपतं. मसुदा चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणा, मग कागद उलटा करून त्यावर फक्त 'तासगाव, छाटणी, टेकडी, नोकरी, शनिवार' असे पाच शब्द लिहा आणि त्यांच्या आधारानं बोला. शब्द थोडे बदलतील, ते चांगलंच आहे. एखादा 'म्हणजे' आला तरी राहू द्या. सात-आठ प्रयत्नांनंतर आवाजातला जीव जातो. तेवढ्यात जमलं नाही तर चहा घ्या आणि संध्याकाळी पुन्हा बसा.

व्हिडिओ असेल तर आणखी थोडं

खिडकी तुमच्या तोंडासमोर हवी, पाठीमागं नाही. पाठीमागं असली की चेहरा काळा पडतो, आणि यात फोन महाग असून उपयोग होत नाही. ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात काही फोनवर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. तसं झालं तर दिवा बंद करून सकाळच्या खिडकीच्या उजेडात बसा, पण थेट ऊन तोंडावर नको.

फोन उभा, डोळ्यांच्या उंचीवर, स्थिर. टेबलावर डबे किंवा पुस्तकं रचून त्यावर टेकवला की काम होतं. तो खाली ठेवला की नाकपुड्या आणि छत दिसतं. चौकटीत डोक्याच्या वर थोडी जागा आणि खाली छातीपर्यंतचा भाग यावा. बोलताना पडद्यावर स्वतःकडे बघायचा मोह होतो, त्यानं नजर खाली झुकलेली दिसते. लेन्सच्या शेजारी एक टिकली चिकटवा आणि तिच्याशी बोला. कॅमेऱ्यामागं कुणालाही उभं करू नका. 'हस ना जरा' म्हणणारी आई प्रेमानंच म्हणते, पण तिच्याकडे गेलेली नजर व्हिडिओत राहते.

फोन हातभर लांब गेला की आवाज घुमायला लागतो. वायरचा हेडफोन असेल तर त्याचा माइक वापरा, पण तो ओढणीवर किंवा साखळीवर घासणार नाही असं बघा. नसेल तर फोन आणि तुम्ही दोघंही जरा जवळ या. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद ठेवा, कारण पुढच्या भेटीत खरा चेहरा दिसणारच आहे. मागं संगीत लावू नका, बोलणं त्याखाली दबतं.

पाठवण्याआधी

तीन प्रकारे तपासा. आधी फोनच्या स्पीकरवर, दुसऱ्या खोलीत ठेवून ऐका. वाक्यं कळतात का? मग दीडपट वेगानं लावा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे निरोप बरेच जण तसेच ऐकतात. घाईनं बोलला असाल तर इथं शब्द एकमेकांत मिसळतात. व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून बघा. नाव आणि शेवटचा प्रश्न अक्षरांत टाकला असेल तर मूक बघणाऱ्यालाही काहीतरी हाती लागतं. शेवटी घराबाहेरच्या एका माणसाला एकदाच ऐकवा आणि 'कशी वाटली?' असं न विचारता 'काय लक्षात राहिलं?' असं विचारा. त्यानं छाटणी किंवा आजी म्हटलं तर क्लिप तयार आहे. 'आवाज छान आहे' एवढंच म्हटलं तर मजकूर पुन्हा लिहावा लागेल.

पाठवताना व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा टाकला तर दाबला जाऊन धूसर होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ दर्जा राहतो, पण तीस सेकंदांची चांगली फाइल ३० एमबीच्या आसपास किंवा जास्त भरू शकते आणि समोरच्याला ती आधी उतरवून घ्यावी लागते. मंडळाला मूळ फाइल द्या, नातेवाइकांना नेहमीसारखा पाठवा. आवाजाची क्लिप अर्धा-एक एमबीत बसते, तिथं हा प्रश्नच येत नाही.

क्लिप कधी टाकली याची तारीख बायोडाटावर लिहून ठेवा. 'सहा वर्षांपासून पुण्यात' हे वाक्य वर्षभरात शिळं होतं, नोकरी बदलली किंवा शहर बदललं तर त्याच दिवशी. लग्न ठरल्यावर मंडळाला आणि संकेतस्थळाला क्लिप काढून टाकायला सांगणं हे तुमचं काम आहे, ते आपणहून करतीलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत साधारण दोन-अडीच दिवसांची असते, आणि तोपर्यंत कुणी पुढं पाठवली असेल तर ती प्रत त्यानं जात नाही.